फोरमन शाळेतून परतल्यावर

दुसऱ्या महायुद्धानंतरच्या वर्षांत इंटरनॅशनल हार्वेस्टर ही ट्रॅक्टर, शेतीची यंत्रे आणि ट्रक बनवणारी अमेरिकन कंपनी आपल्या फोरमनांसाठी शिकागोत एक शाळा चालवत असे. निरनिराळ्या कारखान्यांतले फोरमन तिथे यायचे आणि दोन आठवडे वर्गात बसायचे. हाताखालच्या माणसाचे म्हणणे कसे ऐकून घ्यावे, चूक दाखवताना त्याचा पाणउतारा कसा टाळावा, हुकूम सोडण्यापेक्षा कारण सांगून काम कसे करून घ्यावे, असा तो अभ्यासक्रम होता. ओहायो स्टेट विद्यापीठातल्या एडविन फ्लाइशमन या तरुण मानसशास्त्रज्ञाने या शाळेचा परिणाम मोजायचे ठरवले. वर्ग सुरू होण्याआधी आणि संपताना फोरमनांकडून प्रश्नावल्या भरून घेतल्या, तेव्हा शाळेने आपले काम चोख केल्याचे दिसले. माणसांविषयीची आस्था वाढली होती आणि कामाचा बडगा उगारण्याकडचा कल कमी झाला होता. एरवी बहुतेक प्रशिक्षण-अहवाल इथेच संपतात.

फ्लाइशमन मात्र कारखान्यात गेला. शाळा करून काही महिने किंवा दोन-तीन वर्षे उलटलेले फोरमन त्याने गाठले, शाळेचे तोंडही न पाहिलेले फोरमन गाठले आणि त्यांच्या हाताखालच्या कामगारांना विचारले, की हा माणूस तुमच्याशी वागतो कसा? शिकलेल्यांत आणि न शिकलेल्यांत म्हणण्यासारखा फरक सापडला नाही. जो थोडाफार सापडला तो उलट्या दिशेचा होता. शाळा करून आलेले काही बाबतींत जरा जास्तच कडक निघाले. फोरमनच्या वागण्याचा खरा संबंध लागला तो त्याच्या वरच्या साहेबाशी. ज्याचा साहेब माणसांची कदर करणारा, तो फोरमनही तसाच वागत होता. साहेब फक्त आकडे मागणारा असेल, तर शाळेत शिकलेले शाळेतच राहिले होते. फ्लाइशमनने या वरच्या दाबाला नेतृत्वाचे हवामान म्हटले. 1953 साली त्याने हे निष्कर्ष मांडले आणि 1955 साली हॅरिस आणि बर्ट या सहकाऱ्यांसह त्यावर पुस्तक केले.

प्रस्तुत निबंध नेतृत्वाच्या तीन सिद्धांतांची तुलना करतो: गुणविशेष सिद्धांत, वर्तन सिद्धांत आणि परिस्थितिसापेक्ष सिद्धांत. निबंध छोटा आहे आणि प्रस्तावना लांबत चालली आहे याची मला जाणीव आहे. पण या विषयावरची क्रमिक पुस्तके वाचून विद्यार्थ्याच्या डोक्यात एक ठरावीक चित्र बसते. आधी लोक गुण शोधत होते, ते चुकले. मग वागणे पाहू लागले, तेही अपुरे पडले. शेवटी परिस्थितीचे महत्त्व कळले आणि प्रश्न सुटला. जिना चढून गेल्यासारखे हे चित्र सोयीचे आहे, परीक्षेत गुणही मिळवून देते, पण ते खरे नाही. हार्वेस्टरच्या त्या एका अभ्यासात तिन्ही सिद्धांत एकाच वेळी हजर आहेत. फोरमन सुधारायचा तर दुसरा माणूस निवडायचा, आहे त्याला शिकवायचे, की त्याच्या भोवतीची परिस्थिती बदलायची? हे तीन वेगळे निर्णय आहेत. कारखान्यात ते वेगवेगळ्या टेबलांवर होतात आणि एकाचे उत्तर दुसऱ्याच्या जागी चालत नाही. तीनही सिद्धांत वाचताना मी एकच गोष्ट पाहत आलो आहे: कोणी, कोणाला, काय विचारून हे मोजले? सिद्धांताची ताकद आणि त्याची मर्यादा दोन्ही तिथे सापडतात.

गुणविशेष सिद्धांताची कथा सहसा टॉमस कार्लाइलच्या 1840 सालच्या व्याख्यानांपासून सुरू करतात. थोर पुरुष इतिहास घडवतात, असा त्यांचा सूर होता. मला ती सुरुवात फारशी उपयोगाची वाटत नाही, कारण कार्लाइलने काही मोजले नव्हते. मोजणी विसाव्या शतकात सुरू झाली आणि तिचा पहिला खरा हिशोब राल्फ स्टॉगडिलने 1948 साली मांडला. 1904 ते 1947 या काळातले 124 अभ्यास त्याने एकत्र वाचले. उंची, वजन, वय, बुद्धी, बोलण्यातली सफाई, आत्मविश्वास, जबाबदारीची जाणीव अशा कितीतरी गोष्टी त्या अभ्यासांत तपासल्या होत्या. नेता झालेला माणूस गटातल्या सरासरी माणसापेक्षा बुद्धी, जबाबदारी, सहभाग अशा बाबतींत थोडा पुढे असतो, हे त्याला दिसले. त्याच वेळी अमुक गुणांचा संच असला की माणूस नेता होतोच असे म्हणता येत नाही, हेही दिसले. त्या गुणांचा मेळ अनुयायांच्या गरजांशी आणि हाती असलेल्या कामाशी बसावा लागतो.

या लेखाचे पुढे जे झाले ते गमतीचे आहे. ‘गुणांना अर्थ नाही, हे स्टॉगडिलने सिद्ध केले’ असे पाठ्यपुस्तके छापू लागली. लेख मुळातून वाचणाऱ्याला कळते, की तो एवढेच म्हणत होता की गुण एकटे पुरत नाहीत. म्हणजे परिस्थितीचा मुद्दा परिस्थितिसापेक्ष सिद्धांत जन्मण्याच्या किती तरी आधी, गुणांच्याच हिशोबात आलेला होता. स्टॉगडिल स्वतः ओहायो स्टेटचा, वर्तनाचा अभ्यास ज्यांनी उभा केला त्यांतलाच एक. एकाच माणसाने दोन्ही दालनांत काम केले आणि पुस्तकांनी त्याला पहिल्या दालनाचे दार बंद करणारा ठरवले.

गुणांच्या बाजूची सर्वांत बोलकी गोष्ट मला वेगळीच वाटते. 1962 साली बार्नलंडने एक चांगला प्रयोग केला. तीच माणसे वेगवेगळ्या गटांत फिरवली, कामेही बदलत ठेवली आणि दर वेळी नेता कोण ठरतो हे पाहिले. माणूस तोच आणि गट-काम मात्र नवे, तर नेतृत्व टिकते का? आकडे पाहून निष्कर्ष निघाला की फारसे टिकत नाही. 1983 साली केनी आणि झकॅरो यांनी तेच आकडे नव्या संख्याशास्त्रीय पद्धतीने पुन्हा सोडवले. त्यांच्या हिशोबाने नेतृत्वातल्या फरकाचा 49 ते 82 टक्के भाग त्या माणसाशीच जोडता येत होता. प्रयोग एक, आकडे तेच, निर्णय उलटा. गटाची गरज ओळखून त्याप्रमाणे वागणे बदलता येणे, हाच कदाचित तो टिकणारा गुण असावा, असे या दोघांनी सुचवले. हे वाक्य गुणविशेष सिद्धांताच्या प्रकरणात छापावे की परिस्थितिसापेक्ष सिद्धांताच्या, हे मला आजवर ठरवता आलेले नाही.

2002 साली जज आणि त्याच्या सहकाऱ्यांनी व्यक्तिमत्त्वाच्या पाच मोठ्या घटकांवरचे अभ्यास एकत्र केले. बहिर्मुखतेचा नेतृत्वाशी संबंध सर्वांत स्पष्ट निघाला, सहसंबंध 0.31. पण त्यांनी एक महत्त्वाची वाटणी केली. गटात नेता म्हणून कोण पुढे येतो, हा एक प्रश्न. पुढे आलेला माणूस काम किती चांगले करतो, हा दुसरा. बहिर्मुखतेचा संबंध पहिल्या प्रश्नाशी 0.33 होता, दुसऱ्याशी 0.24. बोलका माणूस पटकन डोळ्यांत भरतो. तो काम तितकेच चांगले करेल याची हमी कमी.

ही वाटणी मराठी वाचकाला ओळखीची वाटावी असे एक ठिकाण आहे. छत्रपती संभाजीनगरच्या सैनिकी सेवा पूर्वशिक्षण संस्थेतली मुले खडकवासल्याच्या प्रबोधिनीत जाण्यासाठी ज्या निवड मंडळाची तयारी करतात, त्या मंडळाची पद्धत ब्रिटनने 1942 साली सुरू केलेल्या सैन्य-अधिकारी निवड मंडळांच्या वंशातली आहे. तिथल्या मानसशास्त्रज्ञांनी नेता न नेमता गटाला काम देण्याची युक्ती काढली. आजही उमेदवारांना दोर, फळी, ओंडका देऊन अडथळे पार करायला सांगतात, प्रमुख कोणीच नसतो, आणि परीक्षक बाजूला उभे राहून पाहतात. ही चाचणी पहिल्या प्रश्नाचे उत्तर फार छान देते. दुसऱ्याचे उत्तर मिळवण्यासाठी मुलाखत, मानसशास्त्रीय चाचण्या आणि एकेका उमेदवाराला प्रमुख नेमून दिलेले काम, असे आणखी टेकू लावलेले आहेत. पद्धत आखणाऱ्यांना दोन प्रश्न वेगळे आहेत हे कळत होते. महाविद्यालयाच्या गटचर्चेत सर्वांत मोठ्याने बोलणाऱ्या मुलाला नोकरी देणाऱ्या कंपन्यांना ते कळते की नाही, याची मला शंका आहे.

आता पुन्हा फोरमनांकडे. ओहायो स्टेटच्या मंडळींनी 1945 नंतर माणूस कसा आहे हे विचारणे बाजूला ठेवले आणि तो काय करतो हे विचारायला घेतले. नेत्याच्या वागण्याची सुमारे 1,800 वाक्ये गोळा केली, चाळून 150 वर आणली आणि ती हाताखालच्या माणसांकडून भरून घेतली. उत्तरांची छाननी केली तेव्हा बहुतेक सगळे वागणे दोन जुड्यांत बसले. एक जुडी कामाच्या आखणीची: कोणी काय करायचे, केव्हा संपवायचे, दर्जा कोणता. दुसरी आस्थेची: विश्वास, आदर, माणसाच्या अडचणीची दखल. निबंधात यांना आखणी आणि आस्था हेच शब्द वापरले आहेत, मीही तेच वापरतो. महत्त्वाचे हे, की या दोन गोष्टी एकाच पट्टीची दोन टोके निघाल्या नाहीत. एखादा फोरमन दोन्हींत वर असू शकतो, दोन्हींत खालीही.

फ्लाइशमन आणि हॅरिस यांनी 1962 साली छापलेला अभ्यास या सगळ्यातला मला सर्वांत आवडता. ट्रक बनवणाऱ्या एका कारखान्यातले 57 उत्पादन-फोरमन त्यांनी घेतले. कामगारांनी आपापल्या फोरमनच्या वागण्याचे वर्णन केले. त्याच्या शेजारी दोन गोष्टी मांडल्या: त्या फोरमनच्या विभागातून लेखी तक्रारी किती आल्या आणि नोकरी सोडून किती जण गेले. आस्था वाढली की तक्रारी कमी, असा सरळ उतार अपेक्षित होता. तसा तो निघाला नाही. आस्था फार कमी असलेल्या फोरमनांकडे तक्रारींचा ढीग होता. आस्था वाढत गेली तशी तक्रारींची रेघ वेगाने खाली आली आणि एका पातळीनंतर आडवी झाली. त्यापुढे फोरमनने आणखी कितीही गोडीने घेतले तरी तक्रारी आणखी कमी होत नव्हत्या. आखणीचे चित्र उलटे होते. काही मर्यादेपर्यंत कामाची शिस्त लावल्याने काही बिघडत नव्हते, पण ती ओलांडली की तक्रारी चढू लागत.

दोन्ही रेघा एकत्र पाहिल्यावर खरी गोष्ट दिसली. ज्यांची आस्था जास्त होती, त्या फोरमनांनी आखणी कडक केली तरी तक्रारी फारशा वाढत नव्हत्या. ज्यांची आस्था अगदी कमी होती, त्यांनी आखणी सैल सोडली तरी तक्रारी होत्याच. कारखान्यात काम केलेल्या माणसाला हे कोणी सांगावे लागत नाही. ज्या सुपरवायझरने घरी आजारी माणूस असताना रजा मंजूर केली, त्याने महिनाअखेरीला दोन तास जादा थांबवले तर लोक कुरकुरत का होईना थांबतात. ज्याने रजेच्या अर्जावर नजरही टाकली नाही, त्याने पाच मिनिटांचा उशीर माफ केला तरी त्यात लोकांना डावच दिसतो.

एवढे हाती आल्यावर ‘आस्था आणि आखणी दोन्ही वाढवा’ असा सल्ला देऊन मोकळे होणे सोपे होते. ब्लेक आणि माउटन यांनी 1964 साली दोन अक्षांवर नऊ-नऊ घरांची जाळी काढली आणि वरच्या कोपऱ्यातले नऊ-नऊ हे घर सर्वोत्तम ठरवले. प्रशिक्षणाच्या बाजारात ती जाळी तुफान चालली. पण हार्वेस्टरच्याच आकड्यांत तिला छेद देणारी गोष्ट पडून होती. उत्पादन विभागांत, म्हणजे जिथे ठरलेल्या वेळेत ठरलेला माल काढायचा, तिथे व्यवस्थापनाने कार्यक्षम ठरवलेले फोरमन आखणीत वर आणि आस्थेत खाली होते. उत्पादनाबाहेरच्या विभागांत हा संबंध उलटा लागला. कंपनी तीच, प्रश्नावली तीच, आणि चांगला फोरमन कोण याचे उत्तर विभाग बदलताच बदलले. त्यातही मेख अशी, की उत्पादन विभागात ज्या कडक फोरमनांना वरून शाबासकी मिळत होती, त्यांच्याच हाताखाली गैरहजेरी आणि तक्रारी जास्त होत्या. चांगला कोण, हे वरच्याने ठरवायचे की खालच्याने?

वर्तन सिद्धांताची दुसरी अडचण आणखी खोल आहे आणि निबंधात ती दोनच ओळींत आली आहे, म्हणून इथे थोडे थांबतो. ज्या गटाचे काम चांगले चालते त्याचा प्रमुख आस्थेने वागणारा निघतो. मग आस्थेमुळे काम चांगले झाले, की काम चांगले चालते म्हणून प्रमुखाला आस्थेने वागणे परवडते? प्रश्नावली एकाच वेळी भरलेली असेल तर हे सांगता येत नाही. 1968 साली लोविन आणि क्रेग यांनी यावर साधा प्रयोग केला. तात्पुरत्या देखरेखीच्या कामासाठी आलेल्या लोकांना एक कनिष्ठ कर्मचारी हाताखाली दिला. तो खरे तर प्रयोगकर्त्यांचाच माणूस होता. काहींसमोर तो नीट, चटपटीत काम करी, काहींसमोर गबाळे. गबाळ्या माणसावरची देखरेख वाढली, सूचना बारीक झाल्या, आस्था आटली. नेत्याचे वागणे कारण म्हणून मोजायला निघालेल्यांना ते परिणामही असू शकते, हे इथे दिसले. बैठकीत ‘सुपरवायझर फार खेकसतो, म्हणून लाइन मागे पडते’ असे कोणी सांगू लागले, की खेकसणे आधी सुरू झाले की मागे पडणे, हे हजेरीपट आणि उत्पादनाच्या नोंदी तारखेने लावून पाहावे. पुष्कळदा क्रम उलटा निघतो.

फ्रेड फीडलरने या दोन्ही वाटा सोडून तिसरीच धरली. इलिनॉय विद्यापीठात 1951 पासून त्याचे काम चालू होते आणि 1967 च्या पुस्तकात सिद्धांत पुरा मांडला गेला. त्याची मोजपट्टी विलक्षण आहे. नेत्याला तो त्याच्या स्वतःविषयी विचारतच नाही. आजवर ज्यांच्याबरोबर काम केले त्यांतला असा एक माणूस आठवायला सांगतो, ज्याच्याबरोबर काम करणे सर्वांत अवघड गेले. मग त्या माणसाचे वर्णन 18 जोड्यांवर करायचे: मनमिळाऊ की तुसडा, उघड की आतल्या गाठीचा, अशा, आणि प्रत्येक जोडीवर 1 ते 8 गुण द्यायचे. बेरीज 18 ते 144 च्या दरम्यान येते. ‘काम जमले नाही, पण माणूस म्हणून बरा होता’ असे म्हणणाऱ्याची बेरीज वर जाते. त्याचा ओढा नात्यांकडे, असे फीडलर मानतो. ज्याच्या लेखी काम बिघडवणारा माणूस सगळ्याच बाबतींत वाईट, त्याची बेरीज खाली राहते. त्याचा ओढा कामाकडे. हा ओढा सहजी बदलत नाही, अशी त्याची धारणा होती. इथे तो गुणविशेषवाल्यांच्या पंगतीत बसतो, हे पुस्तके सांगायला विसरतात.

दुसऱ्या बाजूला परिस्थिती. तिचे तीन भाग: नेत्याचे गटाशी संबंध, कामाची स्पष्टता आणि हुद्द्याचा अधिकार. फीडलर आणि त्याच्या सहकाऱ्यांनी 1976 मध्ये व्यवस्थापकांसाठी जी स्वाध्याय-पुस्तिका काढली, तिच्यात या तिघांना अनुक्रमे 40, 20 आणि 10 गुण दिले होते. संबंधांचे वजन एकट्या अधिकाराच्या चौपट, हे ‘मला अधिकारच दिलेले नाहीत’ म्हणून कुरकुरणाऱ्या प्रत्येक प्रमुखाने डोळ्यांखालून घालावे. एकूण 70 पैकी 51 किंवा त्याहून जास्त असले तर परिस्थिती नेत्याच्या ताब्यात, 31 ते 50 म्हणजे मध्यम, 30 किंवा त्याहून कमी म्हणजे हाताबाहेर. फीडलरचे भाकीत असे: दोन्ही टोकांना कामाकडे ओढा असलेला नेता चांगला, मध्ये नात्यांकडे ओढा असलेला.

आकडे घालून पाहू. उदाहरण माझ्या कल्पनेतले, पण असे कारखाने चाकणपासून सातपूरपर्यंत आहेत. पंप जोडणाऱ्या लाइनवर एक सुपरवायझर आहे, त्याचा ओढा कामाकडे. लोक त्याला ओळखतात, संबंधांचे 34. क्रम ठरलेला, बोल्ट किती ताणायचा तेही तक्त्यावर लिहिलेले, स्पष्टतेचे 17. अधिकार 8. बेरीज 59, परिस्थिती ताब्यात, माणूस जागेवर. त्याचे काम पाहून कंपनी त्याला नव्या उत्पादनाच्या गटात पाठवते. तिथे डिझाइनचे इंजिनियर, खरेदीतला एक, दोन जुने फिटर. कोणी त्याचे थेट ऐकायला बांधलेले नाही: अधिकार 5. नमुना आठवड्याला बदलतो, चाचणी कशी घ्यायची यावरच वाद: स्पष्टता 6. नवीन माणसे, संबंध 27. बेरीज 38. लाइनवर गाजलेला हा माणूस इथे बैठकीत घड्याळ पाहू लागतो, इंजिनियरांना तारखा मागतो आणि तीन महिन्यांत गटात बोलाचाल कमी होते. वरचे साहेब म्हणतात, याच्यात नेतृत्व नव्हतेच. दुसरे कोणी म्हणते, याला ट्रेनिंगला पाठवा. फीडलर म्हणेल, याला चुकीच्या खुर्चीत तुम्हीच बसवले.

इथवरची गोष्ट बहुतेक पुस्तके सांगतात. पुढची कमी जण सांगतात. समजा, त्याला परत लाइनवर पाठवून नात्यांकडे ओढा असलेला प्रमुख आणला. तो सगळ्यांना बोलते करतो, वाद मिटतात, वर्षभरात डिझाइन पक्के होते, जिग तयार होतात, चाचणीची पद्धत लिहून निघते. स्पष्टता 14, संबंध 33, अधिकार 6, बेरीज 53. परिस्थिती ताब्यात आली, आणि ज्याने ती आणली तोच माणूस सिद्धांताप्रमाणे आता त्या जागेला कमी योग्य ठरला. अनुभव आणि प्रशिक्षण यांनी परिस्थितीवरची पकड वाढते. म्हणून प्रशिक्षणाने काही नेते सुधारतील आणि काही बिघडतील, असे फीडलरने स्पष्ट म्हटले आहे. 1965 साली त्याने व्यवस्थापकांना सल्ला दिला होता, की माणूस कामाला बसवण्यापेक्षा काम माणसाला बसेल असे घडवा. हार्वेस्टरच्या शाळेचा सरासरी परिणाम शून्याच्या आसपास का आला असावा, याचे एक संभाव्य स्पष्टीकरण यात दडलेले आहे: काही सुधारले, काही बिघडले आणि सरासरीत दोघे एकमेकांना खाऊन गेले. फ्लाइशमनचे हवामानाचे स्पष्टीकरण मला जास्त पटते, कारण त्याने ते मोजले होते. पण दोन्ही एकाच वेळी खरी असायला हरकत नाही.

फीडलरच्या पट्टीवर झालेली टीकाही वाचकाने लक्षात ठेवावी. त्या 18 जोड्यांची बेरीज नेमके काय मोजते, याविषयी त्याचे स्वतःचे स्पष्टीकरण वर्षांगणिक बदलत गेले. संबंधांचे गुण नेता स्वतःच देतो, आणि आपले गटाशी संबंध वाईट आहेत असे लिहिणारे प्रमुख थोडे. 1970 साली ग्रेन आणि सहकाऱ्यांनी पुराव्याच्या ठिसूळपणावर बोट ठेवले. गट लहान होते आणि एकेकटे सहसंबंध विश्वास ठेवण्याइतके भक्कम नव्हते. पुढे 1981 आणि 1985 मध्ये सगळे अभ्यास एकत्र करून दोन हिशोब झाले. त्यांतून सिद्धांत ढोबळमानाने तरला, मात्र प्रयोगशाळेत जितका तरला तितका प्रत्यक्ष कामाच्या ठिकाणी नाही. माझ्यापुरते बोलायचे तर 18 जोड्यांच्या बेरजेवर मी कोणाची बदली करणार नाही. परिस्थितीचे तीन भाग मात्र मी कुठल्याही नेमणुकीआधी कागदावर मांडून पाहीन.

हर्सी आणि ब्लँचर्ड यांची 1969 ची मांडणी आपल्याकडच्या प्रशिक्षणवर्गांत फीडलरपेक्षा शंभरपट लोकप्रिय आहे: नवख्याला सांगा, मग पटवा, मग सहभागी करून घ्या, शेवटी सोपवून द्या. या निबंधाच्या लेखिकेने त्या मांडणीला मोठी जागा दिली आहे. इथे माझे लेखिकेशी जरा भांडण आहे. 1987 साली व्हेकियोने ही मांडणी शाळाशिक्षकांवर तपासली, तेव्हा ती नवख्यांच्या बाबतीत बरी लागू पडली आणि अनुभवी शिक्षकांकडे जाता जाता विरळ होत गेली. नवख्याला नीट सांगावे लागते, हे कळायला चार रंगांचा तक्ता लागत नाही.

त्याऐवजी तिने जय बी. पी. सिन्हा यांना आणखी दोन पाने दिली असती तर मला जास्त आवडले असते. पाटण्यात काम करणाऱ्या या मानसशास्त्रज्ञाने 1980 साली पुस्तकरूपाने मांडलेला पोषक-कार्यनिष्ठ नेता निबंधात एका परिच्छेदात उरकला आहे. अमेरिकेतून आलेली सहभागाची शैली भारतीय कारखान्यांत आणि कचेऱ्यांत लगेच का रुजत नाही, असा सिन्हांचा प्रश्न होता. इथला कर्मचारी वरिष्ठाकडे अधिकारासोबत आधारही शोधतो, व्यक्तिगत नाते जोडू पाहतो. त्याला पहिल्याच दिवशी ‘तुम्हीच ठरवा’ म्हटले तर तो गोंधळतो, आणि साहेबाला स्वतःला काही येत नाही असे समजतो. सिन्हांचा नेता माया लावतो, पण ती कामाच्या अटीवर. जो मन लावून काम करील त्याची काळजी घेतली जाते, त्याला मार्गदर्शन मिळते. माणूस कामात तयार होत गेला आणि आधाराची गरज उरली नाही, की नेत्याने सहभागाकडे सरकायचे. ते सरकणे राहून गेले, तर पोसणारा नेता जन्मभर पोसतच बसतो आणि हाताखालची माणसे विचारल्याशिवाय हलत नाहीत. आस्था आणि आखणी या ओहायोच्या दोन जुड्या सिन्हांनी अटीच्या दोरीने बांधल्या आणि ती दोरी केव्हा सोडायची, हे परिस्थितीवर ठेवले. पुढच्या आवृत्तीत लेखिकेने ते प्रकरण वाढवावे, एवढे मी तिला कळवले आहे. तिने अजून हो म्हटलेले नाही.